वाईट स्वप्नांमागे गोळी, दारू की उशिराचं जेवण? टप्प्याटप्प्याने शोधायचं कसं

रात्री भयंकर स्वप्नं पडून दचकून जाग यायला लागली की आपल्याकडे माणूस बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट करतो. बीपीची किंवा डोक्याची गोळी परस्पर बंद करतो. नाहीतर झोप गाढ लागावी म्हणून झोपताना एक पेग घ्यायला लागतो. नाहीतर घरातली मोठी माणसं सांगतात म्हणून उतारा टाकतो आणि वाट बघत बसतो. पहिल्या गोष्टीत जिवाला धोका आहे, दुसरीने स्वप्नं वाढतात. तिसरीबद्दल माझं काही म्हणणं नाही, उतारा टाकायचा तर टाका, पण त्याबरोबर घरातल्या गोळ्यांची पिशवीही एकदा उघडून बघा.

मी सांगलीत औषध दुकानात काउंटरवर उभा असतो. हा प्रश्न माझ्याकडे येतो तो ‘झोपेची गोळी द्या’ अशा रूपात. जरा खोलात जाऊन विचारलं की महिन्याभरापूर्वी चालू झालेली एखादी गोळी निघते, रविवारची क्वार्टर निघते, किंवा रात्री एक वाजता पोटभर जेवून लगेच आडवं होणं निघतं. पुष्कळदा तिन्ही एकत्र असतात आणि गोंधळ तिथेच होतो. माणूस तिन्ही एकदम बदलतो, आठवडाभर बरं वाटतं, आणि नेमकं कशाने बरं वाटलं ते कळतच नाही. मग हळूहळू तिन्ही पुन्हा सुरू होतं.

म्हणून खाली दिलेला क्रम पाळा. याला डॉक्टरांकडे जाईपर्यंत साधारण चार आठवडे लागतात आणि नंतर वहीचे आणखी दोन. सोबत एक उदाहरणही चालवतो: वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यातले फिटर, वय बावन्न, गाळप हंगामात पाळ्यांमध्ये काम. बीपीसाठी मेटोप्रोलॉल बरीच वर्षं चालू, मधुमेह नाही, दारू फक्त सुट्टीच्या रविवारी. त्यांना आपण काका म्हणू.

## आधी एवढं समजून घ्या

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी ठळक स्वप्नांचा एक टप्पा येतो, डॉक्टर त्याला रेम झोप म्हणतात. पहिल्या फेरीत हा टप्पा काही मिनिटांचाच असतो. पहाटेकडे तो लांबत जातो आणि शेवटच्या फेऱ्यांत अर्ध्या तासापर्यंतही जातो. स्वप्नं सगळ्यांनाच पडतात. लक्षात राहतात ती बहुतेक करून त्या टप्प्यात किंवा तो संपता संपता जाग आली तरच.

म्हणजे स्वप्नांचा त्रास दोन वाटांनी वाढतो. एक, काहीतरी रेम झोपेलाच हात घालतं: तिला दाबून नंतर उसळवतं किंवा तिच्यातली स्वप्नं गडद करतं. दारू आणि काही औषधं या वाटेने येतात. दुसरी वाट म्हणजे स्वप्नं नेहमीचीच असतात, पण झोप वारंवार मोडते म्हणून ती हाती लागतात. जड जेवण मुख्यतः या वाटेने त्रास देतं. दोन्हींची रात्रीतली वेळ वेगळी असते, आणि आपल्याला पकडायची आहे ती हीच वेळ.

## टप्पा १: गोळ्यांची यादी, तारखांसकट

कागदाच्या एका बाजूला गेल्या तीन महिन्यांत पोटात गेलेलं प्रत्येक औषध लिहा. फक्त नेहमीचं नाही. सर्दीची गोळी, पित्ताची, अंगदुखीची, झाडपाल्याचं चूर्ण, शेजाऱ्यांनी दिलेली गोळी, सगळं. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव लिहा, कारण एकाच औषधाचे वेगवेगळ्या नावांनी कितीतरी ब्रँड मिळतात. वाचता येत नसेल तर स्ट्रिप घेऊन कुठल्याही औषध दुकानात जा, दोन मिनिटांत वाचून देतील.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी हव्यात: कधी सुरू झालं, डोस कधी वाढला-घटला, आणि दिवसात किती वाजता घेता. तारीख आठवत नसेल तर जुनी बिलं बघा, त्यावर असते. मधेच विसरलेले डोस आणि अर्धवट सोडलेले कोर्सही लिहा. हे सगळेच गाळतात, आणि नेमकं तिथेच कारण दडलेलं असतं. एस्सिटालोप्रॅम, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या रेम झोप दाबून ठेवतात. स्ट्रिप संपली, आणायला दोन दिवस उशीर झाला, की ती दबलेली झोप उसळते आणि सिनेमासारखी स्वप्नं पडतात. माणसाला वाटतं गोळी बाधली. खरं म्हणजे गोळी चुकलेली असते.

यादी झाली की खालची नावं त्यात आहेत का बघा. ही सगळी कारणं नव्हेत. आमच्या भागात जी वारंवार लिहून दिली जातात आणि ज्यांचा स्वप्नांशी संबंध माहीत आहे, तेवढीच घेतली आहेत.

मॉन्टेलुकास्ट. हे दम्याचं आणि ॲलर्जीचं औषध. बहुतेक वेळा लेव्होसेटिरिझिनबरोबर एकाच गोळीत असतं आणि रात्री घ्यायला सांगतात. भयानक स्वप्नं, झोपमोड, चिडचिड, बेचैनी, क्वचित आत्महत्येचे विचार हे त्याचे नोंदलेले दुष्परिणाम आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये याच कारणासाठी त्याच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी, दुसऱ्या औषधांनी भागत असेल तर, हे टाळावं असंही सांगितलं. आपल्याकडे मात्र साध्या शिंकांसाठीही लोक हीच स्ट्रिप मागतात आणि चिठ्ठीशिवाय ती मिळतेही. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. लहान मुलं तर स्वप्न सांगू शकत नाहीत. ती रात्री किंचाळत उठतात, दिवसा आदळआपट करतात, आणि घरचे म्हणतात पोरगं हट्टी झालंय.

प्रोप्रॅनोलॉल आणि मेटोप्रोलॉल. अर्धशिशी, हात थरथरणं, बीपी, हृदयविकार यांसाठी देतात. ही औषधं मेंदूत सहज शिरतात आणि शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांभाळणारं द्रव्य, कमी करतात. त्याच कुळातलं ॲटेनोलॉल मेंदूत कमी जातं, म्हणून त्याने असा त्रास होण्याची शक्यता कमी.

डोनेपेझिल. विसरभोळेपणाच्या आजारात म्हाताऱ्या माणसांना देतात. रात्री घेतलं की ठळक स्वप्नं पडू शकतात. डॉक्टर वेळ सकाळची करून देतात आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

याशिवाय पार्किन्सनवरच्या गोळ्या, संध्याकाळी उशिरा घेतलेलं प्रेडनिसोलोन, तंबाखू सोडण्यासाठी लावलेला आणि रात्रभर अंगावर ठेवलेला निकोटिनचा पॅच, आणि अचानक बंद केलेली क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी.

इशारा: यादीत नाव सापडलं म्हणून गोळी बंद करायची नाही. मेटोप्रोलॉल एकदम सोडलं तर छातीत दुखणं, हृदयविकाराचा झटका इथपर्यंत जाऊ शकतं. झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते.

काकांच्या यादीत दोन नावं निघाली. मेटोप्रोलॉल जुनं. मॉन्टेलुकास्ट-लेव्होसेटिरिझिन जानेवारीच्या मध्यापासून: भुशाच्या धुळीने नाक गळत होतं, पाच दिवसांची गोळी लिहून दिली होती, आणि बरं वाटतंय म्हणून त्यांनी तीच चिठ्ठी दाखवून महिनाभर ओढली होती. स्वप्नं जानेवारीच्या शेवटी सुरू झाली. तारखा जुळत होत्या, तरीही आम्ही इथे थांबलो नाही. का, ते पुढे येईलच.

## टप्पा २: सात रात्रींची वही, काहीही न बदलता

उशापाशी वही आणि पेन ठेवा. मोबाईलवर लिहू नका, त्याच्या उजेडाने झोप आणखी मोडते. पहिले सात दिवस जेवण, दारू, गोळ्या सगळं नेहमीसारखंच चालू द्या.

रोज संध्याकाळी लिहा: शेवटचा घास किती वाजता, ताटात काय होतं, दारू किती आणि कधी संपली, गोळ्या किती वाजता. रात्री जाग आली तर फक्त घड्याळ बघून वेळ आणि एक शब्द: ‘स्वप्न’, ‘जळजळ’, ‘घाम’, ‘लघवी’. स्वप्नाची गोष्ट रात्री लिहीत बसू नका. ती सकाळी दोन ओळींत लिहा, तेवढी पुरे.

यात एक चूक हमखास होते. लोक ‘चार वाजता जाग आली’ एवढंच लिहितात. पाळीवर जाणाऱ्या माणसाला या चार वाजण्याचा काही उपयोग नाही. झोप लागल्यापासून किती तासांनी जाग आली, तो आकडा हवा. अकराला झोपलेल्याचे चार म्हणजे पाच तास, आणि दीडला झोपलेल्याचे चार म्हणजे अडीच तास. या दोघांची कारणं वेगळी असू शकतात.

### पुढे जाण्याआधी तपासा

वहीत खालचं काही दिसलं तर हा प्रयोग तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

स्वप्नाबरोबर कपडे भिजतील इतका घाम, थरथर, कडकडून भूक, सकाळी डोकं दुखणं, आणि तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेता: ही रात्री साखर उतरल्याची खूण असू शकते. ग्लुकोमीटर घरात असेल तर तेव्हाच तपासा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. दारू लिव्हरला नवी साखर तयार करू देत नाही, म्हणून पिऊन न जेवता झोपणाऱ्या मधुमेही माणसाला हा धोका सर्वांत जास्त. मेटोप्रोलॉल घेणाऱ्याला धडधड आणि थरथर जाणवणारही नाही, घाम मात्र येतो. तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा.

झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, शेजारी झोपलेल्याला बुक्की मारणं, पलंगावरून पडणं: पन्नाशीनंतर हे नव्याने सुरू झालं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. घरच्यांनी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून नेला तर डॉक्टरांचं काम फार सोपं होतं. काही नैराश्यावरच्या गोळ्यांनी हे होतं आणि पुष्कळदा ती पार्किन्सनसारख्या आजाराची आधीची चाहूलही असते.

जीव द्यावासा वाटणं किंवा वागण्यात अचानक बदल, मग तो मोठ्यांत असो की मुलांत: त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

## टप्पा ३: वहीतल्या वेळा वाचा

सात रात्रींनंतर जाग आल्याच्या सगळ्या वेळा एका कागदावर मांडा आणि तीन गठ्ठे करा.

झोपल्यावर एक ते तीन तासांत जाग, घशाशी आंबट, छातीत जळजळ, स्वप्न तुटक किंवा नुसतीच भीती आठवते: संशय जेवणावर.

पिण्याच्या रात्रीच, झोपल्यावर चार-पाच तासांनी किंवा पहाटे, लांबलचक स्वप्न, तोंड कोरडं, नंतर झोप येत नाही: संशय दारूवर.

वार कोणताही असो, जेवण काहीही असो, बहुतेक रोज आणि उठायच्या सुमारास, तपशीलवार आणि दिवसभर मनात राहणारं स्वप्न: संशय औषधावर. औषध सुरू झालं किंवा डोस बदलला त्यानंतर काही दिवसांत ते सुरू झालं असेल तर संशय आणखी घट्ट.

काकांची त्या आठवड्यात चार ते बारा अशी पाळी होती. घरी पाऊण वाजता यायचे, एकला जेवायचे, दीडला झोपायचे. वहीत जवळजवळ रोज साडेतीनच्या आसपास ‘जळजळ, दचकलो’ होतं. म्हणजे झोपल्यावर दोन तासांनी. शिवाय बऱ्याच दिवशी सकाळी सातला, साडेपाच तासांनी, एक पूर्ण स्वप्न: रोलरमध्ये कुणीतरी अडकलंय आणि मशीन थांबत नाही. रविवारचं गणित तिसरंच. साडेआठ ते साडेदहा क्वार्टर, अकराला मटण-भाकरी, साडेअकराला झोप, आणि साडेचारला जाग, पाण्यात बुडत असल्याचं स्वप्न, त्यानंतर टक्क डोळे उघडे.

एकाच माणसात तिन्ही गठ्ठे. फक्त तारखा बघून गोळी थांबवली असती तर साडेतीनची आणि रविवारची जाग तशीच राहिली असती आणि काका म्हणाले असते, गोळीचा काही संबंध नव्हता.

## टप्पा ४: पहिला बदल जेवणाचा

सुरुवात इथून करायची, कारण यात धोका सर्वांत कमी आणि निकाल सर्वांत लवकर. दारू आणि गोळ्या अजून तशाच.

जड जेवण पोटातून पुढे सरकायला तीन-चार तास घेतं, तेलकट असेल तर आणखी जास्त. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल अन्ननलिकेत वर येतं, झोप पुरती मोडत नाही पण उथळ होते. तांबडा-पांढरा रस्सा, वर तेलाचा तवंग, नंतर गोड, आणि लगेच गादी: आखाडात किंवा जत्रेच्या दिवसांत ‘काल रात्रभर काहीबाही स्वप्नं पडली’ असं जे ऐकू येतं, ते बऱ्याच अंशी यामुळे. मटणात स्वप्नं पाडणारं काही नसतं. तोच रस्सा दुपारी चापला तर रात्री काही होत नाही.

सात दिवस असं करा. शेवटचं पोटभर जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. दिवसातलं जड ताट दुपारी किंवा संध्याकाळी आणा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा ते आठ इंच उंचीची वीट किंवा लाकडी ठोकळा द्या. नुसत्या दोन उश्या घेऊन भागत नाही, त्याने पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपलं तर आम्ल कमी वर येतं.

पाळीवाल्याने तीन तास कुठून आणायचे, हा रास्त प्रश्न आहे. त्याने पोटभर जेवण डब्यात न्यायचं आणि मधल्या सुट्टीत आठच्या सुमारास करायचं. घरी आल्यावर वाटीभर मुगाची खिचडी किंवा साधा वरण-भात, वर तिखट-तेल नाही. उपाशी मात्र झोपू नका, भुकेनेही झोप मोडते. आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाची वेळ हलवण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच. जेवण पुढे-मागे झालं की गोळीचीही वेळ हलवावी लागते.

तपासा: सात दिवसांनी पहिल्या तीन तासांत जाग येणं कमी झालं का? झालं तर ही सवय कायम ठेवा आणि पुढे चला. काहीच फरक नसेल आणि जळजळ तशीच असेल तर पित्ताची गोळी आपल्या मनाने वाढवत बसू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

काकांची साडेतीनची जाग त्या आठवड्यात एकदाच आली, तीही कारखान्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचं बिर्याणीचं पाकीट खाऊन आले त्या रात्री. सातचं रोलरचं स्वप्न मात्र जसंच्या तसं.

## टप्पा ५: दुसरा बदल दारूचा

साठ मिलीच्या पेगमध्ये, नेहमीच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की किंवा रममध्ये, सुमारे वीस ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम संपवतं. हा वेग लिंबूपाणी, आंघोळ, कॉफी कशानेही वाढत नाही. म्हणजे एक पेग निघायला दोन ते तीन तास आणि १८० मिलीच्या क्वार्टरला सहा ते नऊ.

अल्कोहोल रक्तात आहे तोवर झोप गाढ वाटते आणि रेम टप्पा दबलेला राहतो. म्हणूनच लोकांना वाटतं पेगने झोप लागते. अल्कोहोल उतरत गेलं की मेंदू राहिलेला रेम भरून काढू लागतो आणि त्याच वेळी झोप उथळही होते. गडद स्वप्नं आणि हलकी झोप एकत्र आली की स्वप्न लक्षात राहणारच. काकांनी साडेआठला सुरू केलेली क्वार्टर पहाटे अडीच ते साडेपाचच्या दरम्यान संपत आली असणार आणि बुडण्याचं स्वप्न साडेचारचं. गणित बसतं.

इथून पुढे दोन वाटा आहेत आणि आपली कोणती, हे स्वतःशी खरं बोलून ठरवा.

कधीमधी पिणारा: दोन आठवडे एकदम बंद. पार्टीला जा, रस्सा खा, ग्लास नको. फक्त लवकर पिऊन उरकण्याची युक्ती बरेच जण करतात. प्रमाण तेच असेल तर उसळी मध्यरात्री येते, एवढाच फरक.

रोज किंवा जवळजवळ रोज पिणारा: आपल्या मनाने एकदम बंद करू नका. अशा माणसाच्या मेंदूत महिनोन् महिने रेम दाबलेला असतो. सोडल्यावर पहिल्या काही रात्री, कधी काही आठवडे, स्वप्नं आधीपेक्षा भयानक पडतात. ‘सोडली तर जास्त त्रास, म्हणून पुन्हा घेतली’ हे वाक्य मी ऐकतो तेव्हा वाईट वाटतं. कारण तो त्रास पुढे ओसरणारा असतो, फक्त कुणी त्याला ते आधी सांगितलेलं नसतं. पण याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत हात थरथरणं, दरदरून घाम, नसलेली माणसं-किडे दिसणं, भान जाणं सुरू झालं तर ते स्वप्न नव्हे, जिवावरचं आजारपण आहे. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. मिरज-सांगलीत मानसोपचाराची सोय आहे, तिथे औषधं देऊन सांभाळून दारू सोडवतात. सोडण्याआधी भेटलात तर हा धोका बराच कमी होतो.

इशारा: लेव्होसेटिरिझिन, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांपैकी काहीही पोटात असताना दारू नको. गुंगी दुप्पट होते, श्वास मंदावतो, घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत अडकतो. गळा दाबल्याची, बुडण्याची स्वप्नं पडत असतील आणि घरचे म्हणत असतील ‘घोरता घोरता श्वास थांबतो’, तर घोरण्याची तपासणी करून घ्या.

काकांनी दोन रविवार कोरडे काढले. दोन्ही रविवारी साडेचारची जाग नाही. सकाळचं रोलरचं स्वप्न अजूनही होतंच.

## टप्पा ६: आता डॉक्टरांकडे, वही घेऊन

जेवण आणि दारू बाजूला निघाली की उरलेल्या स्वप्नांचा गठ्ठा डॉक्टरांपुढे ठेवा. आता तुम्ही ‘झोप लागत नाही’ असं मोघम न सांगता हे सांगू शकता: अमुक तारखेला गोळी सुरू झाली, अमुक दिवसांनी स्वप्नं सुरू झाली, जेवणाची वेळ बदलून आणि दारू बंद करूनही रोज पहाटे पडतात, ही वही. दोन वाक्यांत सांगून होतं आणि गर्दीच्या ओपीडीत तेवढाच वेळ मिळतो.

त्यानंतर तीन प्रश्न विचारा, याच क्रमाने. ही गोळी मला अजून लागते का? लागत असेल तर सकाळी घेतली तर चालेल का? चालत नसेल तर त्याच कामाची दुसरी आहे का? पहिला प्रश्न विसरू नका. पाच दिवसांसाठी दिलेल्या गोळ्या महिनोन् महिने घेणारे पुष्कळ आहेत आणि डॉक्टरांना ते माहीतच नसतं.

झोपेची गोळी जोडून मागू नका. एका गोळीच्या दुष्परिणामावर दुसरी गोळी, आणि मग दुसरी सोडताना पुन्हा स्वप्नं.

एकाहून जास्त औषधांवर संशय असेल तर डॉक्टर बहुधा सर्वांत नवं औषध आधी हलवतील. काकांच्या बाबतीत तेच झालं. मेटोप्रोलॉलला हात लावला नाही, कारण ते इतकी वर्षं विनात्रास चाललं होतं. डॉक्टरांनी मॉन्टेलुकास्ट असलेली गोळी बंद केली, नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला आणि भुशाजवळ काम करताना मास्क लावायला सांगितला. आठवड्याच्या आत रोलरचं स्वप्न थांबलं.

बदल केल्यावर वही आणखी दोन आठवडे चालू ठेवा. बदललेल्या औषधाचा परिणाम कधी दोन-तीन दिवसांत दिसतो, कधी वेळ लागतो. नैराश्यावरच्या गोळीचा डोस हळूहळू उतरवत असतील तर मधले काही दिवस स्वप्नं वाढतीलही. डॉक्टरांना तेव्हा फोन करा, पण डोस परस्पर पुन्हा चढवू नका.

आणि सगळं करूनही एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, विशेषतः खऱ्या घडलेल्या गोष्टीचं, म्हणजे अपघात, पुराच्या वेळी पाण्यात काढलेली रात्र, घरातला मृत्यू, तर ते गोळी-दारू-जेवणाच्या बाहेरचं आहे. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे बोलण्याचे आणि औषधांचेही उपचार आहेत.

## टप्पा ७: फाईलवर लिहून ठेवा

हे काम एका मिनिटाचं आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही. ज्या औषधाने त्रास झाला त्याचं मूळ नाव, झालेला त्रास आणि महिना-वर्ष फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. मोबाईलमध्येही साठवा आणि बायकोला किंवा मुलाला सांगून ठेवा. पुढच्या थंडीत नाक गळायला लागलं की दुसऱ्या गावातला दुसरा डॉक्टर दुसऱ्याच ब्रँडची गोळी लिहून देईल, पाकिटाचा रंग वेगळा असेल आणि आत औषध तेच असेल. काकांच्या फाईलवर आता लाल पेनने लिहिलंय: ‘मॉन्टेलुकास्ट नको – भयंकर स्वप्नं, फेब्रुवारी’. दुकानात गोळी घेताना ते स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर आधी वाचून घेतात, आणि चष्मा विसरले असतील तर आम्हाला वाचायला लावतात.